माय, तू, दादा, तुम्ही

मुदखेडहून पुण्याला नोकरीला गेलेल्या एका ओळखीच्या मुलानं मागच्या मे महिन्यात मला एक मजकूर पाठवला. आईवडिलांच्या लग्नाला तीस वर्षं होत होती. “शुद्धलेखन तपासा अन् जरा चांगलं करून द्या,” एवढंच त्याचं म्हणणं. मजकूर असा होता:

“प्रिय आई-बाबा, तुम्हाला लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक हार्दिक शुभेच्छा. तुम्ही माझ्यासाठी खूप कष्ट घेतले. तुमचे उपकार मी कधीच विसरणार नाही. देव तुम्हाला दिर्घायुष्य देवो. तुमचा आशिर्वाद सदैव राहो.”

शुद्धलेखनाचं काम दोन मिनिटांचं होतं. ‘दीर्घायुष्य’मधला दी आणि ‘आशीर्वाद’मधला शी दीर्घ. ‘हार्दिक’ एकदा पुरे. ‘तुम्ही कष्ट घेतले’ हे बोलण्यात चालतं, लिहिताना ‘घेतलेत’ हवं. क्रियापद कष्टांप्रमाणे चालतं हे खरं, पण शेवटचा ‘त’ ते कष्ट कुणी घेतले हे सांगतो.

एवढं करूनही मजकूर थंडच राहिला, कारण व्याकरणाखाली दुसरी चूक होती. हा मुलगा घरी ‘आई-बाबा’ म्हणतच नाही. तो आईला ‘माय’ म्हणतो आणि वडिलांना ‘दादा’. मायला ‘तू’ आणि दादांना ‘तुम्ही’. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हेच चालतं. दोघांना मिळून लिहिलं की ‘तुम्ही’ आपोआप येतं आणि व्याकरणानं ते बरोबरही असतं, पण त्यात मायचा ‘तू’ बुडतो. म्हणून निदान एक वाक्य एकेकट्याला उद्देशून लिहावं, असं मी त्याला सुचवलं. मराठीत हा फरक सर्वनामावर थांबत नाही, क्रियापदापर्यंत जातो: दादा, तुम्ही निघायचात, माय, तू ठेवायचीस. आपल्याकडे बोलताना हे शेवटचे ‘त’ आणि ‘स’ पुष्कळदा गळतात. लिहिताना मात्र मी ते ठेवतो. त्या एका ‘स’मध्ये मुलाची मायशी असलेली सलगी पुन्हा एकदा उमटते.

‘उपकार’ हा शब्द मी खोडला. उपकार परका माणूस करतो, आणि ते फेडायचे असतात. ‘खूप कष्ट’ही खोडले, कारण ते कुणाच्याही आईवडिलांना लागू पडतात. त्याला विचारलं, कोणते कष्ट? मग तो बोलायला लागला.

मुदखेड फुलांच्या शेतीसाठी ओळखलं जातं, आणि त्याच्या घरी मोगरा आहे. मोगऱ्याची कळी उमलायच्या आत तोडावी लागते, म्हणून तोडणी अंधारातच सुरू होते. लगीनसराईत फुलाला भाव असतो. त्याच्या आईवडिलांचं लग्न झालं मे महिन्यात, त्यामुळे त्यांच्या लग्नाचा दिवस दर वर्षी दुसऱ्यांच्या लग्नांसाठी फुलं तोडण्यात जातो. हे त्यानं मला फोनवर सहज सांगितलं आणि मजकुरात यातला एक शब्दही नव्हता.

एक प्रश्न उरला, मायन्याचा. आपल्या पत्रलेखनात मुलगा आईवडिलांना शुभेच्छा देत नसे, नमस्कार करत असे. स्वतःच्या आईवडिलांना ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’. पुढे ‘शि. सा. न.’, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार. ‘प्रिय’ बरोबरीच्यांसाठी असे. आजच्या मुलानं सगळा जुना मायना लिहावा असा माझा आग्रह नाही. त्याच्या हातून तो उसना वाटेल. पण धाकट्यानं आधी नमस्कार करावा हे मला अजून पटतं, आणि त्यालाही पटलं.

शेवटी असं ठरलं:

“तीर्थरूप माय आणि दादा, नमस्कार. आज तुमच्या लग्नाला तीस वर्षं झाली. दादा, लगीनसराईत तुम्ही रात्री तीनला बॅटरी घेऊन मोगरा तोडायला निघायचात. अन् माय, तू त्यांच्याही आधी उठून चहा ठेवायचीस. इथं पहाटे जाग आली की मला त्या स्टोव्हचा आवाज आठवतो. आज तोडणीला माणूस लावा, मजुरीचे पैसे पाठवलेत. जूनमध्ये सुट्टी काढून येतो. दोघांनाही खूप आयुष्य मिळो.”

‘अन्’च्या जागी मी ‘आणि’ केलं होतं. त्यानं ते परत ‘अन्’ केलं, आणि त्याचंच बरोबर होतं. ‘दीर्घायुष्य’ही त्यानं स्वतःहून काढलं. मायला वाचता येत नाही, दादा तिला वाचून दाखवणार होते, आणि तो शब्द दादांच्या तोंडी बसला नसता. हे त्यानं मला आधी सांगितलं असतं तर मी सुरुवातच तिथून केली असती. मजकूर मोठ्यानं वाचला जाणार म्हणून वाक्यं आणखी तोडली असती, आणि ‘माय, तू’ हे तिच्या नवऱ्याच्या आवाजात कसं ऐकू येईल, याचाही विचार केला असता.