पिनोशे आपल्याच कायद्यात कसे अडकले

५ ऑक्टोबर १९८८ रोजी चिलीत सार्वमत झाले. १९७३च्या लष्करी उठावापासून सत्तेवर असलेल्या जनरल पिनोशे यांना आणखी आठ वर्षे द्यायची का, एवढाच प्रश्न होता आणि सुमारे ५६ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले. हे सार्वमत पिनोशे यांच्याच १९८०च्या राज्यघटनेत लिहिलेले होते. बंदुका हाती असताना त्यांनी निकाल धुडकावला का नाही? लोक जागे झाले म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. १९८२च्या आर्थिक संकटानंतर लोक रस्त्यावर उतरलेच होते. राजवटीने थोडी ढील दिली, पुन्हा आवळली आणि ती टिकली. मोकळीक म्हणजे लोकशाही नव्हे. देणारा ती परत घेऊ शकतो.

ती परत घेणे अवघड झाले, ते राजवटीच्या आतल्या रचनेमुळे. जुंटामध्ये लष्कर, नौदल, हवाई दल आणि पोलीस यांचे प्रमुख होते. पिनोशे आपल्याला गिळतील ही भीती बाकीच्यांना होती, म्हणून त्यांनाही घटनेचे कुंपण हवे होते. १९८५मध्ये राजवटीनेच नेमलेल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने निकाल दिला की सार्वमतावर स्वतंत्र निवडणूक न्यायालयाची देखरेख हवी. मग मतदार याद्या झाल्या, पक्षांना मान्यता मिळाली, विरोधकांना रोज रात्री दूरचित्रवाणीवर पंधरा मिनिटे मिळाली, शिवाय त्यांनी स्वतःची समांतर मोजणी उभी केली. त्या रात्री सरकारी आकडे रेंगाळत होते, तेव्हा हवाई दलप्रमुख मॅथाय यांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात शिरतानाच पत्रकारांना सांगून टाकले की ‘नाही’ची बाजू जिंकली आहे. राजवट मोडली ती इथे, वरच्यांच्या फुटीत. पण ती फूट कामी आली, कारण पलीकडे मोजणी तयार ठेवून बसलेला विरोधी पक्ष होता.

यावरचा आक्षेप खरा आहे: अशा वाटेने आलेल्या लोकशाहीला जुन्या मालकाची कुलपे राहतात. पिनोशे १९९८पर्यंत लष्करप्रमुख राहिले, सिनेटमध्ये नेमलेले सदस्य बसले आणि १९७८च्या माफी कायद्याने अनेक गुन्ह्यांवर पांघरूण घातले. बळी पडलेल्यांच्या घरच्यांनी या शांततेची किंमत मोजली. ती क्षुल्लक होती असे म्हणणे मला निर्लज्जपणाचे वाटते. तरीही कुलपे एकेक करून उघडली ती मतपेटीने आणि संसदेनेच. नेमलेले सिनेटर जायला २००५ उजाडले, जुनी निवडणूक पद्धत २०१५मध्ये गेली. पिनोशे यांची घटना मात्र, अनेकदा दुरुस्त होऊनही, कायम आहे. ती बदलण्यासाठी आलेला डावीकडे झुकलेला मसुदा २०२२मध्ये आणि उजवीकडे झुकलेला २०२३मध्ये लोकांनी फेटाळला. दोन्ही वेळा हरलेल्यांनी त्याच संध्याकाळी पराभव कबूल केला आणि बराकींकडे कोणी पाहिलेही नाही.