आधी टाळ, मग कंठ

माउली, पत्नी गेल्यावर ज्याचा कंठच दाटून बंद झाला, त्याला ‘नाम घे’ असे सांगावे का?

मावळातल्या शिरगावी काकड्याला असे एक गृहस्थ येत. कोजागरीपासून आठ दिवस ते नुसता टाळ धरून मागे उभे राहिले. कोणी आग्रह केला नाही. पुढच्याने चरण म्हणावा, टाळकऱ्यांनी धृपद धरावे. त्यात एकट्याचा आवाज उघडा पडत नाही. पुढे ओठ हलू लागले, मग धृपदाचा शेवटचा शब्द उमटला. त्रिपुरी पौर्णिमेला, समाप्तीच्या दिवशी, गौळणीत त्यांना हुंदका आला. टाळ थांबले नाहीत. धृपद इतरांनी सांभाळले, आणि पुढच्या चरणाला ते पुन्हा मिसळले.

म्हणून तुमच्या शेजारी कोणी मुका उभा असेल, तर त्याला गायला लावू नका. हाती टाळ द्या आणि आपले धृपद सोडू नका.