रात्री दहाची भूक

जेवण नऊलाच झालेलं, ओटाही पुसून झालेला, आणि दहा वाजता हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. ही भूक कुठली? पोटाची भूक हळूहळू वाढते, तिला उरलेली पोळी-भाजीही चालते. मनाची भूक एकदम येते आणि तिला शेवच हवी असते.

माझ्या ओळखीच्या एका काकूंनी डबा उघडण्याआधी कॅलेंडरवर दोन शब्द लिहायला सुरुवात केली: वेळ, आणि आधी काय झालं. आठवड्याने दिसलं, की परगावच्या मुलाचा फोन न आलेल्या रात्रीच डबा उघडला होता. म्हणजे हा एकटेपणा होता. आता त्या साडेनऊलाच बहिणीला फोन लावतात. कंटाळा हे कारण असतं, तर लसूण सोलण्यासारखं हाताला काम पुरलं असतं. उद्याचा ताण असता, तर उद्याची कामं कागदावर उतरवून दहा मिनिटं अंगणात चालणं बरं पडलं असतं.

मात्र दुपारचं जेवण चुकलं असेल, तर ती खरी भूक आहे. तेव्हा ताटात वाढून घ्या आणि बसून, पोटभर जेवा. आणि लपूनछपून खूप खाल्लं जात असेल, थांबवता येत नसेल, तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.