सारख्या पट्ट्या, तरी व्होल्टेज

तांब्याच्या एकाच पत्र्यातून कापलेल्या दोन पट्ट्या, मोरचुदाच्या द्रावणाची दोन चंचुपात्रे, मध्ये सॉल्ट ब्रिज. एका पात्रात १ मोलर द्रावण, दुसऱ्यात ०.०१ मोलर. व्होल्टमीटर जोडला की काटा हलतो. घटाचे प्रकरण नुकतेच शिकलेल्या विद्यार्थ्याला हे पटत नाही, आणि त्याची शंका रास्त आहे. जस्त आणि तांबे यांच्या घटात व्होल्टेज येते, कारण जस्त तांब्यापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडते. इथे दोन्हीकडे तांबेच आहे. प्रमाण विभवांच्या तक्त्यातला +०.३४ व्होल्ट हा आकडा स्वतःमधूनच वजा केला तर बाकी शून्य उरायला हवी.

ती बाकी शून्य उरतेच. पण तो आकडा ठरावीक प्रमाण स्थितीतला आहे आणि आपली दोन पात्रे एकाच स्थितीत नाहीत. आपण पट्टीलाच इलेक्ट्रोड म्हणतो, तिथे घोटाळा होतो. खरा इलेक्ट्रोड म्हणजे पट्टी आणि तिला भिजवणारे द्रावण यांची जोडी. पट्ट्या सारख्या असल्या तरी जोड्या सारख्या नाहीत.

पट्टीच्या पृष्ठभागावर सतत देवघेव चालू असते. तांब्याचे काही अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनांच्या रूपाने द्रावणात उतरतात. द्रावणातले काही आयन पट्टीवर परततात. धातूची जाळी सोडायला लागणारी ऊर्जा दोन्ही पात्रांत तीच आहे. पाण्याच्या रेणूंनी आयनाला वेढल्याने मिळणारी ऊर्जाही जवळजवळ तीच. वेगळी आहे ती परतणाऱ्यांची संख्या. विरल द्रावणात पृष्ठभागाजवळ आयनच थोडे, त्यामुळे परतणारे कमी आणि सुटणारे जास्त. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन पट्टीवर साठतात, पट्टी ऋण होत जाते, आणि तो ऋणभार सुटू पाहणाऱ्या आयनांना मागे खेचू लागला की तोल साधतो. संहत द्रावणात हाच तोल कमी इलेक्ट्रॉन साठले असतानाच साधतो. म्हणून विरल बाजूची पट्टी जास्त ऋण. तारेने जोडल्यावर इलेक्ट्रॉन तिथून निघतात. ती पट्टी झिजते आणि पलीकडची जाड होते.

कोणी म्हणेल, पट्ट्यांमध्येच काही बारीक फरक असेल. असतोही. वाकवताना बसलेला ताण किंवा ऑक्साइडचा पापुद्रा काही मिलिव्होल्ट सहज दाखवतो. आधी दोन्ही पट्ट्या एकाच द्रावणात बुडवाव्यात. जे वाचन येईल तो पट्ट्यांचा दोष. मग प्रयोग मांडून पट्ट्यांची अदलाबदल करावी, अर्थात स्वच्छ धुऊन. व्होल्टेज पट्ट्यांमुळे असेल तर चिन्ह पट्टीबरोबर दुसऱ्या पात्रात जाईल. द्रावणांमुळे असेल तर चिन्ह पात्रापाशीच राहील. ते पात्रापाशी राहते. माझ्या मते सूत्र फळ्यावर येण्याआधी हीच अदलाबदल करून दाखवायला हवी.

आता सूत्र. E = (RT/nF) ln(c₂/c₁). तांब्यासाठी n = २. २५ अंश सेल्सियसला संहतीतल्या दर दहापटीमागे २९.६ मिलिव्होल्ट मिळतात. आपल्याकडे शंभरपट आहे, म्हणजे ५९ मिलिव्होल्ट. परीक्षेत हे उत्तर बरोबर ठरते. प्रत्यक्ष मापले तर मात्र आकडा तीसच्या आसपास येतो. जोडणी सैल असल्याची शंका घेण्याचे कारण नाही. तांब्याचा आणि सल्फेटचा आयन, दोघांवरही दुहेरी भार. गर्दीत ते एकमेकांना इतके धरून ठेवतात की १ मोलर द्रावण जणू त्याच्या चार-पाच टक्के संहतीचेच असल्यासारखे वागते. ०.०१ मोलर द्रावणात हे प्रमाण सुमारे चाळीस टक्के. म्हणजे कागदावरचे शंभरपट प्रत्यक्षात दहापटच भरते. सिल्व्हर नायट्रेटमध्ये दोन्ही आयनांवर एकेरी भार असतो. म्हणून चांदीच्या पट्ट्या आणि ०.१ व ०.०१ मोलरची द्रावणे घेतली तर सूत्राचे ५९ आणि प्रत्यक्षातले साधारण ५४ बऱ्यापैकी जुळतात. फक्त सॉल्ट ब्रिजमध्ये पोटॅशियम क्लोराइड नको, नाहीतर सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका धरतो; पोटॅशियम नायट्रेट घ्यावे.

खरा विचार करायला लावणारा प्रश्न पुढेच आहे: ही ऊर्जा येते कुठून? एका बाजूला तांबे विरघळते, दुसऱ्या बाजूला तितकेच तांबे जमते. हिशेब पुसला की उरते इतकेच, की काही आयन दाटीतून मोकळ्या जागी गेले. आदर्श द्रावण धरले तर या स्थलांतरात उष्णता सुटतही नाही, शोषलीही जात नाही. तरी शंभरपट फरक कायम ठेवून एक मोल तांबे हलवले तर ११.४ किलोज्यूल विद्युत कार्य मिळू शकते. ते सगळे भोवतालच्या उष्णतेतून येते. आदर्श संहती घट सावकाश चालवला तर तो गार होऊ पाहतो आणि हवेतून उष्णता ओढून घेतो.

उष्णतेचे पूर्णपणे कार्यात रूपांतर म्हटले की उष्मागतिकीचा दुसरा नियम आठवून कान टवकारतात. पण तो नियम मनाई करतो ती चक्राकार यंत्राला, जे काम करून मूळ जागी परत येते. आपला घट मूळ जागी येत नाही. आयन पसरतात, एन्ट्रॉपी वाढते, आणि कामाची किंमत त्या वाढीतून चुकवली जाते. दोन्ही द्रावणे एका भांड्यात ओतली असती तरी एन्ट्रॉपी वाढलीच असती, फक्त हाती काही आले नसते. इथे आयनाला पलीकडे जायची सरळ वाट नाही. अलीकडे एकाने जमायचे, पलीकडे दुसऱ्याने सुटायचे आणि इलेक्ट्रॉनांनी तारेतून फिरायचे. त्या फेरीतच काम निघते.

हेल्महोल्ट्झने १८७०च्या दशकात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने सिद्ध केली. त्याचा युक्तिवाद असा: विरल द्रावणावर पाण्याचा बाष्पदाब जास्त, संहत द्रावणावर कमी. म्हणून विरल द्रावणातले पाणी वाफेच्या रूपाने काढून, ती वाफ प्रसरण पावू देत संहत द्रावणात सोडली तरी फरक मिटतो, आणि वाटेत काम मिळते. तापमान तेच आणि बदलही तोच, म्हणून कमाल कामही तेवढेच असले पाहिजे, मग ते वाफेने मिळो वा विजेने. बाष्पदाब मोजले की घटाचे व्होल्टेज काढता येते. मला ही रीत नेर्न्स्टने १८८९ मध्ये दिलेल्या सूत्रापेक्षाही देखणी वाटते, कारण आयनांच्या गर्दीतली धरपकड बाष्पदाबात आपोआप धरली जाते. वेगळी दुरुस्ती लागत नाही.

असा घट टिकाऊ मात्र नसतो. समान आकारमानाची दोन पात्रे घेऊ आणि गणितापुरते द्रावण आदर्श मानू. विरल बाजू ०.०१ वरून ०.१० वर गेली, तेव्हा संहत बाजू १ वरून फक्त ०.९१ वर आलेली असते. पण गुणोत्तर शंभरवरून नऊवर उतरते आणि व्होल्टेज ५९ वरून २८ वर येते. हलवण्याजोग्या तांब्यापैकी पाचवा हिस्साही हललेला नसतो आणि निम्मे व्होल्टेज संपलेले असते. व्होल्टेज गुणोत्तरावर चालते, आणि गुणोत्तर बिघडवायला रिकाम्या बाजूला थोडीशी भर पुरते. दोन्ही पात्रे ०.५०५ मोलरवर आली की काटा शून्यावर थांबतो. तेव्हा एक पट्टी पातळ आणि दुसरी जाड झालेली असते, पण जाडीला व्होल्टेजमध्ये किंमत नाही.