पाचव्या दिवशी सुरू होणारी गळती

जोयडा तालुक्यातल्या नंदिगड्डे परिसरातल्या वाड्या रानात विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात अडलेली बाळंतीण मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत फार वेळ जातो. अशीच एक बाई मी वॉर्डात नर्स म्हणून सांभाळली. दोन दिवस कळा देऊन मूल मृत जन्मले. पाचव्या दिवसापासून लघवी सतत झिरपू लागली. घरच्यांना वाटले, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, भरून येईल. त्यात महिने गेले.

हा समज होतो, कारण गळती उशिरा सुरू होते. अडलेले डोके मूत्राशय आणि योनिमार्ग यांना पुढच्या हाडावर तासन् तास दाबून धरते. तिथला रक्तपुरवठा तुटतो, तो भाग मरतो आणि काही दिवसांनी गळून पडतो. मग भोक उघडते. यालाच फिस्टुला म्हणतात. गळती नुकतीच सुरू झाली असताना कॅथेटर घालून मूत्राशय चार ते सहा आठवडे रिकामे ठेवले, तर लहान भोक कधी कधी आपोआप बुजते. तिची ती संधी गेली होती.

ती पाणी जवळजवळ पीत नव्हती. प्यायले की जास्त गळते, हा तिचा हिशेब. पण त्यामुळे लघवी दाट होऊन मांड्या सोलवटल्या होत्या. आधी तिला पाणी प्यायला लावले, कातडीला व्हॅसलीन लावले. मग तपासणी झाली. योनिमार्गात कापसाचे तीन बोळे ठेवून मूत्राशयात निळे औषध सोडले. मधला बोळा निळा झाला, म्हणजे गळती मूत्राशयातूनच होती. वरचा बोळा निळा न होता नुसता ओला झाला असता, तर मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळीची शंका घ्यावी लागली असती.

शस्त्रक्रियेला साधारण तीन महिने थांबतात, मेलेला भाग गळून कडा निरोगी व्हाव्या म्हणून. सर्जनने मूत्राशय योनिमार्गापासून सोडवले, भोक ताण न येता शिवले, निळे औषध पुन्हा भरून टाका गळत नाही हे पाहिले आणि मग योनिमार्ग शिवला. पहिल्या प्रयत्नात यश येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. नंतर व्रण वाढत जातात. म्हणून हे काम सरावलेल्या हातांचेच.

पुढचे सुमारे दोन आठवडे आमचे, नर्सेसचे. मूत्राशयात ठेवलेली कॅथेटरची नळी एका रात्रीत तुंबली, तरी मूत्राशय फुगून टाके उसवू शकतात. म्हणून दर तासाला पिशवीत लघवी उतरते का, नळी कुठे दुमडली आहे का, हे बघायचे. नळी काढल्यावर ही बाई कोरडी राहिली. सगळ्याच राहत नाहीत. भोक बुजूनही काहींची लघवी खोकताना सुटते, आणि त्यासाठी वेगळे उपचार लागतात.

घरी जाताना तिला दोन गोष्टी बजावल्या: तीन महिने शरीरसंबंध नाही, आणि पुढचे बाळंतपण दवाखान्यात, सिझेरियननेच. आशाताईंना आणि घरच्यांना माझे सांगणे एवढेच: अडलेल्या बाळंतपणानंतर कपडे ओले राहू लागले, तर त्याच दिवशी बाईला दवाखान्यात न्या.