जुनी सही विसरू नका

घोडबंदर रोडवर नव्याने संसार थाटणाऱ्या जोडप्यांच्या कागदपत्रांच्या यादीत बँकेला द्यायचा एक अर्ज हमखास असतो : लग्नानंतर नाव व सही बदलावी, सोबत विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्राची प्रत जोडली आहे. माझ्या मते या अर्जात दोन वेगळ्या विनंत्या आहेत आणि जोडलेले दोन्ही कागद त्यांतल्या एकाच विनंतीच्या कामाचे आहेत. नावापुरता रिझर्व्ह बँकेचा केवायसी नियम स्पष्ट आहे. आधी मिळालेल्या ओळखपत्रावर जुने नाव असले, तरी राज्य शासनाचे विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील अधिसूचना जोडल्यास ते ओळखपत्र चालते. मग दोन्ही कशाला, असे कोणी विचारील. नियमातली पुढची अट अशी, की त्या कागदातून नावातला बदल दिसला पाहिजे. समजा, अनघा सुरेश पाटील लग्नानंतर अनघा निखिल जोशी झाली. आपल्याकडे आडनावाबरोबर मधले नावही बदलते. विवाह प्रमाणपत्र मुख्यतः लग्न झाल्याचा पुरावा. त्यावर माहेरचेच नाव असेल, तर नवे नाव तिने घेतले हे त्यातून कळत नाही, आणि कायद्याने ते घेणे बंधनकारकही नाही. राजपत्रात मात्र जुने आणि नवे नाव शेजारी-शेजारी छापले जाते. प्रमाणपत्रावरच दोन्ही नावे असतील, तर राजपत्राचा आग्रह फाजील आहे.

सहीचे तसे नाही. ‘अ. नि. जोशी’ ही वळणदार सही अनघाचीच आहे, हे कोणतेही प्रमाणपत्र सांगत नाही. बँकेकडे तिच्या हाताची एकच खूण आहे, ती म्हणजे नोंदवलेली जुनी सही. म्हणून अर्जाखाली आधी जुनी सही हवी, तिच्या शेजारी नवी, आणि शक्यतो दोन्ही अधिकाऱ्यासमोर केलेल्या. नाव बदलले असताना जुन्या नावाने सही करणे विसंगत नाही का? नाही, बदलाची नोंद होईपर्यंत खात्याचा अधिकार त्याच सहीत आहे. नुसती नवी सही करून पाठवलेला अर्ज बँकेच्या दृष्टीने अनोळखी माणसाचा ठरतो, आणि त्यावर खाते बदलून देणारी बँकच उलट निष्काळजी म्हणावी लागेल. आधी दिलेले, अजून न वटलेले चेक ही दुसरी अडचण. नवी सही नोंदली गेल्यावर जुन्या सहीचा चेक ‘सही जुळत नाही’ या शेऱ्याने परत येऊ शकतो, आणि असा परत आलेला चेकही परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली येऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लक्ष्मी डायकेम प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा अशा चेकांचे क्रमांक अर्जात लिहावेत किंवा ते वटेपर्यंत थांबावे. नाव बदलले म्हणून सही बदललीच पाहिजे, असेही नाही. जुन्या सहीत आडनाव वाचता येत नसेल, तर ती तशीच ठेवून अर्जातली दुसरी विनंती सरळ खोडून टाकावी.