‘झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

माझ्या मामेभावाचं वडोदऱ्यात, दांडिया बाजाराजवळ, औषधांचं दुकान आहे. तो स्वतः फार्मासिस्ट. हाताखाली तीन मुलं. रोज सकाळी साडेनवाच्या आत तो दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाची कामं टाकतो. कोणी कोणती ऑर्डर लावून घ्यायची, फ्रिजचं तापमान कोणी लिहायचं, घरपोच कुठे कुठे जायचं. खाली उत्तरं येतात. एक मुलगा ‘थई गयुं’ लिहितो, दुसरा ‘हो गया’, तिसरा नुसता अंगठा दाखवतो. दादा मराठीत विचारतो, ‘झालं ना?’

भाषांतराचा धंदा करणाऱ्या माणसाला अशा ठिकाणी खोड स्वस्थ बसू देत नाही. तिन्ही भाषांतली ही उत्तरं ‘होणे’ या क्रियापदाची आहेत, ‘करणे’ची नाहीत. ‘मी केलं’ म्हटलं की कोणी केलं ते सांगावं लागतं, आणि काय केलं तेही ओघानं येतंच. ‘झालं’ला दोन्हीची गरज नाही. पाऊस पडून जावा तसं काम होऊन गेलेलं असतं. मला हे गमतीचं वाटायचं, गेल्या जुलैपर्यंत.

जुलैत एक आजी रक्तदाबाच्या गोळ्यांची स्ट्रिप घेऊन परत आल्या. नातवानं घरी तारीख वाचली होती: मे. पाकिटावर नुसता महिना छापलेला असला, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. म्हणजे हे ३१ मेलाच संपलं होतं. आजींनी एकही गोळी घेतली नव्हती. त्या रागावल्याही नाहीत. ‘बघ बाबा जरा’ एवढंच म्हणाल्या. दादाला तेच जास्त लागलं.

त्यानं आधी ग्रुप उघडला. आठ दिवसांपूर्वीचा त्याचाच निरोप होता: ‘रॅक ३ एक्सपायरी चेक’. वर धाकट्याच्या नावाची खूण, खाली अकरा चाळीसला ‘हो गया’ आणि अंगठा. दादाच्या लेखी प्रकरण तिथेच संपलं होतं. मुलगा खोटं बोलला.

मला हे लगेच पटलं नाही, म्हणून मी मुलालाच विचारलं. त्यानं मला रॅकसमोर उभं करून दाखवलं. त्यानं प्रत्येक खोका खरोखर उघडला होता, वरची स्ट्रिप काढून तारीख पाहिली होती आणि खोका परत ठेवला होता. घोटाळा खोक्याच्या आत होता. नवा माल आला की तो जुन्यावरच पडतो, त्यामुळे वरच्या चार स्ट्रिपा पुढच्या वर्षीच्या आणि तळाशी एक मागच्या बॅचची. खरी रीत उलटी आहे: आधी संपणारं पुढे आणि वर, नवं मागे आणि खाली. पण घाईच्या वेळी माल लावणारा हात ज्येष्ठ मुलाचा असतो, आणि त्याला कोण सांगणार?

त्याच खोक्यात एक कापलेली स्ट्रिपही निघाली. चार गोळ्या मागणाऱ्याला स्ट्रिप कापून देतात. बॅच आणि तारीख बहुधा एका टोकाला छापलेली असते. ते टोक गिऱ्हाइकाबरोबर गेलं, की उरलेल्या सहा गोळ्यांना वयच राहत नाही. कापायचं ते दुसऱ्या टोकाकडून, हे साधं आहे. पण ते त्या मुलाला कोणी सांगितलेलं नव्हतं. तारीख नसलेली स्ट्रिप त्यानं पाहिली होती आणि तशीच ठेवली होती. संपलेली होती असं थोडंच दिसत होतं?

म्हणजे ‘चेक’ या शब्दात दादानं जे घातलं होतं ते मुलापर्यंत पोचलंच नव्हतं. माझ्या कामात याला चुकीचं भाषांतर म्हणतात, आणि त्यात मूळ मजकूर लिहिणाराही कधी कधी दोषी असतो.

पुढची गोष्ट दादाच्या बाजूची आहे, आणि ती सांगायला त्याला दोन दिवस लागले. आजींच्या बिलावर छापलेली बॅच आणि हातातल्या स्ट्रिपवरची बॅच वेगळी होती. संगणकानं नवी बॅच दाखवली, दादानं ती तशीच बिलात घेतली, आणि मुलानं काढून दिलेली स्ट्रिप न पाहता पिशवीत टाकली. मुदत संपलेलं औषध विकू नये हा कायदा दुकानदाराला बांधतो. शेवटचा ‘झालं’ दादाचाच होता, तो फक्त ग्रुपवर लिहिलेला नव्हता.

मग एका रविवारी तो स्वतः रॅक ३ पाहायला बसला. प्रत्येक खोका रिकामा करून, प्रत्येक स्ट्रिप उजेडात धरून. एका खणाला पाऊण तास लागला. रॅकला खण पाच. हे काम त्यानं सकाळच्या गर्दीत, इतर चार कामांबरोबर, दुपारच्या आत सांगितलं होतं. आणि ग्रुपवर ‘राहिलं’ असं कोणी लिहीत नाही. तिथे बाकीचे दोघे वाचत असतात. ज्याचा अंगठा आला नाही तो आळशी, एवढंच सगळ्यांना दिसतं. न होणारं काम सांगून, न झाल्याचं सांगायला जागा ठेवायची नाही, आणि मग ‘झालं’ आलं की त्याला खोटं म्हणायचं, यात खोटेपणा नेमका कोणाचा, हा प्रश्न मला मुलाच्या प्रामाणिकपणापेक्षा मोठा वाटतो. मुलगा निर्दोष होता असं मी म्हणत नाही. तारीख नसलेल्या स्ट्रिपबद्दल त्याला शंका आली असणार, आणि अंगठ्यानं ती झाकली. मीही संपादकांना ‘झालं, पाठवतोच’ असं कितीदा कळवलं आहे.

फ्रिजच्या वहीतही तेच दिसलं. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावं लागतं. वहीत सात दिवस सकाळ-संध्याकाळ ४, ४, ४, सगळं एका पेनानं, एका दमात. खरा फ्रिज इतका शिस्तीत राहत नाही. दार उघडतं, वीज जाते, आकडा हलतो.

आता दादाचे निरोप बदलले आहेत. दिवसाला एकच खण. उत्तरात ‘झालं’ चालत नाही. पुढच्या तीन महिन्यांत संपणाऱ्या प्रत्येक स्ट्रिपचं नाव, बॅच आणि नग लिहायचे, तारीख न दिसणारी वेगळी काढायची, आणि थांबलास तर कुठे थांबलास ते लिहायचं. मग दादा कुठलेही तीन खोके त्या मुलाच्या देखत उघडतो. पाठीमागे नाही.

एका बाबतीत आमचं पटलेलं नाही. मध्यंतरी त्यानं मुद्दाम एक संपत आलेली स्ट्रिप खोक्याच्या तळाशी लपवली, सापडते का पाहायला. मुलाला ती सापडली, आणि कोणी ठेवली तेही कळलं, कारण ती कंपनी त्या खणातली नव्हतीच. दोन दिवस तो कामापुरतंच बोलला. दादा म्हणतो, पडताळा सांगून घेतला तर तो पडताळा कसला? माझं म्हणणं, वेळ सांगू नकोस, पण असं कधीतरी करणार आहेस हे सांग. देखत उघडलेल्या खोक्यात चूक निघाली तर ती दोघं मिळून पाहतात. लपवलेल्या स्ट्रिपमध्ये एकाला आधीच सगळं ठाऊक असतं. दादाला हा फरक शब्दांचा खेळ वाटतो.

परवाचा निरोप मी त्याच्या फोनवर पाहिला. ‘खण ४: सात स्ट्रिप, नाव-बॅच फोटोत. एक कापलेली, तारीख नाही, बाजूला ठेवली. खण ५ अर्धा राहिला.’ खाली मोठ्या मुलानं हसरा चेहरा टाकला होता. तो कौतुकाचा होता की टोमण्याचा, ते दादालाही सांगता आलं नाही.